स्टेजवर बोलायला शिवून घेतलेला कुर्ता : आठ महिने वापरल्यावर

मी फिजिओथेरपिस्ट आहे नागपुरात. वर्षातनं पाच-सहा वेळा कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्समध्ये कंबरदुखीवर वीस मिनिटं बोलावं लागतं. हा रिव्ह्यू कुठल्या ब्रँडचा नाही, धरमपेठेतल्या माझ्या टेलरकडून खास स्टेजसाठी शिवून घेतलेल्या एका कुर्ता-पॅन्टचा आहे. इतवारीतून अडीच मीटर मोरपंखी कॉटन आणलं, शिलाई वेगळी, आणि आतापर्यंत पाच स्टेजवर घालून झालाय.

शिवायची वेळ का आली ते आधी सांगते. त्याआधीच्या टॉकला मी बोटनेकचा सिल्कचा कुर्ता, शिफॉनची ओढणी आणि नाड्याची सलवार घालून गेले, फोटोत छान दिसते म्हणून. साउंडवाला पोरगा कॉलर माईक घेऊन आला न माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, लावू कुठं? इथं तं पकडायलाच काही नाही न." शेवटी गळ्याच्या काठाला अडकवला, खांद्याकडे. वजनाने गळा बाहेर उलटला आणि माईक हनुवटीखाली तिरका झाला. माईकची वायर ज्या डबीला जाते ती डबी सलवारीच्या नेफ्याला लावली तर दोन मिनिटांत नाडा ओढून खाली यायला लागली, म्हणून वीस मिनिटं एका हातात डबी धरून बोलले. कंबर कशी सरळ ठेवायची ते सांगत होते लोकांना, आणि स्वतः वाकडी उभी. रेकॉर्डिंग ऐकलं तर त्याहून वाईट. ओढणी हलली की खसखस, आणि स्क्रीनकडे वळून स्लाइड दाखवली की आवाज गायब, कारण माईक डाव्या खांद्याकडे होता आणि स्क्रीन माझ्या उजवीकडे.

म्हणून या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी डबी कुठे बसेल, मग माईक कुठे लागेल, मग रंग.

डबीसाठी पॅन्टला नाडा नाही की निव्वळ इलॅस्टिक नाही, पट्टा लावायची लूप असलेली पक्की कंबरपट्टी घेतली. डबी मागे, कंबरेच्या जरा बाजूला लागते, म्हणजे खुर्चीवर टेकलं तरी रुतत नाही. टेलरने आधी आतल्या बाजूला खिसा करून दिला होता पण तो मी एकदाच वापरला. डबी आणि तिचा अँटेना घामेजल्या अंगाला चिकटून राहिला की सिग्नल मार खातो, त्या टॉकला मधेमधे आवाज तुटत होता न मला वाटलं हॉलच्या सिस्टीमचाच प्रॉब्लेम. साउंडवाल्याने डबी बाहेर काढून पट्ट्यावर लावली आणि तुटणं थांबलं. आता वरून कुर्ताच पुरेसा झाकतो, कारण बाजूची चीर कंबरेच्या चार बोटं खाली सुरू होते. चीर उंच असती तर हात वर केला की डबी दिसली असती.

गळा हा या कुर्त्याचा सगळ्यात भारी भाग आहे. छोटी स्टँड कॉलर आणि पुढे छातीपर्यंत बटणपट्टी. माईक हनुवटीपासून साधारण वीतभर खाली, बरोब्बर मध्यभागी लागतो. याहून वर लावला तर हनुवटीच्या आडोशाला येऊन आवाज दबका होतो, नोट्स बघायला मान खाली घातली की तर जास्तच. फार खाली लावला तर हॉलचा घुमारा आत येतो. आणि मध्यभागी असला की डावीकडे वळा की उजवीकडे, आवाज फारसा बदलत नाही. मध्य जमतच नसेल, म्हणजे जॅकेटच्या कॉलरला लावावा लागत असेल, तर ज्या बाजूला स्क्रीन आहे त्या बाजूला लावा, आपलं तोंड तिकडेच वळतं.

टेलरला मी एकच हट्ट केला होता की बटणपट्टीत बक्रम जाड घाला. तो म्हणाला, "ताई, लेडीज कुर्त्याला इतकं कडक कोण घालते?" पण हल्ली बऱ्याच ठिकाणी वायर-डबीचा नाही, छोटा चौकोनी वायरलेस माईक देतात, तो सगळाच कपड्यावर लटकतो. वजन तीसेक ग्रॅमच पण पातळ कापड त्यानेही लोंबतं आणि माईक पोटाकडे बघायला लागतो. बक्रममुळे माझा सरळ राहतो. वायरवाला असेल तर दोन बटणांमधून वायर आत घ्यायची आणि क्लिपमागे एक सैल वेढा ठेवायचा, म्हणजे वळताना वायर ओढली गेली तरी हिसका माईकपर्यंत पोचत नाही. मंगळसूत्र मी त्या दिवशी छोटं घालते, लांब असेल तर वाट्या माईकवर टकटक वाजतात न हॉलमध्ये ते मोठ्याने ऐकू येतं. आई म्हणाली काढूनच ठेव, ते काही मी केलं नाही, मागे टाचून आखूड केलं.

रंगाबद्दल मात्र मिक्स अनुभव. पांढरा मुद्दाम टाळला होता, कारण पांढऱ्यावर लाइट पडला की कॅमेरा ऑटोवर सगळं चित्र डार्क करतो आणि चेहरा काळवंडतो. बारीक चौकडी आणि बारीक रेघा पण नको, व्हिडिओत त्या लहरींसारख्या नाचतात. मोरपंखी काळ्या पडद्यासमोर झकास दिसला, चार स्टेज मस्त गेले. पाचव्याला मागे मोठी एलईडी स्क्रीन होती आणि आयोजकांची थीम निळी-हिरवी, मी तिच्यातच विरघळले. फोटोत चेहरा आणि दोन हात हवेत तरंगतायत, नवरा अजून हसतो. चूक माझीच, मागचा पडदा कुठल्या रंगाचा आहे हे आदल्या दिवशी एक फोन करून विचारता आलं असतं. आणि एका वेबिनारला ग्रीन स्क्रीनसमोर हाच घालून बसले तर सॉफ्टवेअरने कुर्त्याचे तुकडे खाल्ले, खांद्यावर मागे बॅकग्राउंडला लावलेला नागपूरचा झिरो माईल दिसत होता. तिथे हा अजिबात नको.

दुसरी तक्रार घामाची. मेमधल्या टॉकला रिक्षातून उतरून आत जाईपर्यंत बगलेत गडद डाग, मोरपंखी कॉटनवर ते लपत नाहीत. आता बगलेत आतून कॉटनच्या पट्ट्या टिच बटणांनी लावून घेतल्यात, धुवायला काढता येतात. आणि कुर्ता घरून घालून जात नाही, तिथे पोचून बदलते.

कापड आठ महिन्यांत जरा विटलंय, कोपराकडे जास्त, पण बक्रम अजून तसाच कडक आहे. कॉटन असल्यामुळे माईकवर घासलं तरी सिल्कसारखं खसखसत नाही, यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देईन. ओढणी घेतच नाही स्टेजवर, पहिल्यांदा रिकामं रिकामं वाटलं, आता सवय झाली.

दुसरा शिवायला टाकलाय, आमसुली रंगात, सगळं सेम फक्त आतला खिसा काढून टाकला आणि बटणपट्टी दोन इंच वाढवली. टेलरने या वेळी बक्रमबद्दल काही विचारलं नाही, स्वतःच म्हणाला, "माईकवाला न, ताई?"