गीझची एक ओळ वाचायचीय: आधी तक्ता की आधी ओळ?

गीझ ही इथिओपियाची जुनी धर्मभाषा. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं आधी 'फिदेल' घोकतात. फिदेल म्हणजे अक्षरतक्ता: २६ व्यंजनं, प्रत्येकाची स्वरानुसार सात रूपं, एकूण १८२ अक्षरं. दुसरी वाट अशी की बायबलमधली एकच ओळ घ्यायची आणि तिच्यापुरतीच अक्षरं शिकायची. उत्पत्तीचं पहिलं वचन बघा:

በቀዳሚ፡ ገብረ፡ እግዚአብሔር፡ ሰማየ፡ ወምድረ።

'बकदामी गब्र इग्झिअब्हेर समाय वमिद्र', म्हणजे सुरुवातीला देवाने आकाश आणि पृथ्वी केली. दोन टिंबं शब्द तोडतात, चार टिंबं वाक्य संपवतात. अक्षरं २१, त्यांतली वेगळी १९. दोन-तीन संध्याकाळी पुरे.

मराठी वाचणाऱ्याला मी ओळच आधी सुचवेन. व्यंजनाच्या अंगालाच स्वर चिकटलेला असणं आपल्याला नवं नाही. ሚ (मी) मध्ये उजव्या पायाशी आडवी रेघ आहे, ዚ (झी) मध्येही तीच. आपल्या वेलांटीसारखंच काम.

अडतं ते सहाव्या रूपावर. ते कधी अस्पष्ट 'इ'सारखं उच्चारायचं, कधी स्वराशिवाय. पाय मोडल्याची खूण नाही, जोडाक्षरंही नाहीत. ምድረ मध्ये ም आणि ድ दोन्ही सहावी रूपं, पण पहिलं 'मि' आणि दुसरं नुसतं 'द्'. या ओळीत अशा सात जागा आहेत आणि त्यांतल्या पाच स्वरहीन. हे तक्ता पाठ करून कळत नाही, कानाने ऐकावं लागतं.

मात्र ओळ-आधी वाटेवर मराठी जीभच घात करते. शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण सवयीने गिळतो, 'कमल'चं 'कमल्' करतो. इथे ሰማየ 'समाय्' वाचलंत तर तो दुसरा शब्द झाला: ሰማይ, नुसतं 'आकाश'. शेवटचं ይ बदलून የ झालं की आकाश वाक्याचं कर्म होतं. ምድር चं ምድረ तसंच. म्हणजे विभक्ती त्या एका अक्षराच्या आकारात आहे. गंमत अशी की ገብረ च्या शेवटीही ረ आहे, पण ते क्रियापद, 'त्याने केलं'. तिथे कर्म शोधत बसू नका.

तक्ता लागतो तो कोश उघडताना. डिलमानचा १८६५ चा गीझ-लॅटिन कोश फिदेलच्याच क्रमाने लावलेला आहे, तिथे ሰ कुठे आणि ሠ कुठे हे माहीत हवं. आज दोन्हींचा उच्चार 'स'च होतो, त्यामुळे हस्तलिखितांत एकाऐवजी दुसरं सर्रास सापडतं. एका जागी शब्द मिळाला नाही, तर दुसऱ्या 'स'खाली बघायचं.