दहा वर्षं आधी की तीस वर्षं नंतर?

मित्रांनो, फायनान्स क्लबचा अध्यक्ष म्हणून आज एकच हिशोब मांडतो. नौपाड्यातली जुळी भावंडं समजा. बहीण अठराव्या वर्षी शिकवणीच्या पैशातून महिना १००० रुपये गुंतवू लागते आणि अठ्ठाविसाव्या वर्षी थांबते, पण साठलेले पैसे काढत नाही. भरले फक्त १ लाख २० हजार. भाऊ अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू करतो, अठ्ठावन्नपर्यंत एकही हप्ता चुकवत नाही. त्याचे भरले ३ लाख ६० हजार.

महिना १ टक्का वाढ धरली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी भावाचे साधारण ३५ लाख होतात, बहिणीचे जवळपास ८३ लाख! तिची रक्कम थांबताना जेमतेम २ लाख ३० हजार होती, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी २५ लाख. म्हणजे उरलेले ५८ लाख शेवटच्या दहा वर्षांतले. मधे पैसे काढले, तर नेमकी हीच वर्षं हातची जातात.

पण थांबा, हा आकडा बघून लगेच टाळ्या नकोत. महिना १ टक्का हे गृहीतक आहे, शेअर बाजार तशी हमी देत नाही. हाच हिशोब महिना अर्धा टक्का धरून करा: बहीण ९ लाख ८७ हजार, भाऊ १० लाख ५ हजार. भाऊच किंचित पुढे! दर कमी असेल तर नुसतं लवकर सुरू करून भागत नाही, भरतही राहावं लागतं. माझं मत विचाराल तर बहिणीसारखं सुरू करा, भावासारखं चालू ठेवा. आणि चाळीस वर्षांनी वडापाव कितीला असेल, तोही भाव यातून वजा करायचाय.