उताराचा विश्वास अंतराल की रेसिड्यूअल प्लॉट?

संख्याशास्त्रज्ञ अँस्कॉम्बने १९७३ मध्ये मांडलेल्या चार आकडेसंचांपैकी पहिले दोन घ्या. दोन्हींत ११ बिंदू, त्यांवर बसवलेल्या सरळ रेषेचा उतार ०.५ आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.११८. ९ मुक्ततेच्या अंशांसाठी t चं मूल्य २.२६२, म्हणून ९५ टक्के विश्वास अंतराल दोन्हीकडे ०.२३ ते ०.७७. शून्य बाहेरच. अंतरालाला दोघांत फरकच दिसत नाही!

रेसिड्यूअल प्लॉट म्हणजे प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर-खाली आहे त्याचा आलेख; त्याला हा फरक लगेच दिसतो. पहिल्यात ठिपके शून्यरेषेभोवती विखुरलेले. दुसऱ्यात टोकांना खाली, मध्ये वर, चक्क कमान. तिथे सरळ रेषाच चुकीची, मग तिच्या उताराचा अंतराल कशाचा? उलट, उतार किती अनिश्चित आहे हे प्लॉट सांगत नाही, आणि इतक्या कमी ठिपक्यांत नसलेले आकारही भासतात. मी आधी प्लॉटच काढतो.