बिलावरील नोंदणी क्रमांक खोटा निघाला आणि ६९,१२० रुपये आमच्या न्यासाला भरावे लागले

गोवंडीतील आमच्या अभ्यासिकेसाठी मिळालेल्या अनुदानातून आम्ही १२ लॅपटॉप घेतले. प्रत्येकी ३२,००० प्रमाणे ३,८४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६९,१२०, असे एकूण ४,५३,१२० रुपये आम्ही बँकेतून चुकते केले. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, विश्वस्तांचा ठराव, खरेदी आदेश, साठा नोंदवहीतील अनुक्रमांक, सारे काही फायलीत होते, म्हणून लेखापरीक्षणाच्या दिवशी मी निर्धास्त होते.

देणगीदार संस्थेच्या लेखापरीक्षकांनी बिल हातात घेऊन जीएसटी पोर्टलवरील Search Taxpayer मध्ये विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक टाकला. नाव भलत्याच माणसाचे आले आणि स्थिती Cancelled. तो क्रमांक आमच्या खरेदीच्या सात महिने आधीच रद्द झालेला होता.

खरे तर हे दरपत्रकावरच दिसत होते, आणि तेच मला आजही टोचते. जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातील सहावे, व्यक्तीसाठी P आणि कंपनीसाठी C असते. लेटरहेडवर ठळक ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेले होते आणि सहावे अक्षर P होते. मी तो क्रमांक स्वतःच्या हाताने तुलनात्मक तक्त्यात उतरवून घेतला होता!

आमचा न्यास जीएसटीत नोंदलेला नाही, आम्हाला कराचा परतावा मिळत नाही, त्यामुळे विक्रेत्याने विवरणपत्रात आमचे बिल दाखवले की नाही हे तपासण्याची वेळ आमच्यावर येतच नाही. अशी फसवणूक आमच्यासारख्या न्यासांच्या वाट्याला येते ती यामुळे. क्रमांक दरपत्रक आल्यावर एकदा आणि पैसे देण्याच्या दिवशी पुन्हा तपासावा, त्या पानाची तारखेसह छापील प्रत बिलाला जोडावी. नोंदणी नसलेल्याला कर आकारण्याचा अधिकारच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

लॅपटॉप प्रत्यक्ष दिसले, अनुक्रमांक जुळले, म्हणून ३,८४,००० मान्य झाले. कर म्हणून दिलेली रक्कम मात्र अमान्य ठरली, कारण जो कर सरकारकडे गेलाच नाही तो अनुदानाचा खर्च कसा धरायचा, लेखापरीक्षकांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. पोलीस ठाण्यात ‘माल मिळाला ना, मग हा दिवाणी वाद आहे’ असे सांगून आमचा अर्ज नुसता ठेवून घेतला. करखात्याच्या कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या; पहिल्या खिडकीने दुसऱ्या मजल्यावर पाठवले, दुसऱ्या मजल्याने ‘तुम्ही नोंदणीकृत करदाते नाही, तक्रार ऑनलाइन करा’ म्हटले, आणि ऑनलाइन तक्रारीला फक्त पोच क्रमांक आला. सरकारचा कर खिशात घातला गेला, त्याचा पुरावा आम्ही स्वतः नेऊन दिला, तरी तो कोणालाच नको होता.

मुलांच्या वह्यांसाठी राखलेल्या सर्वसाधारण निधीतून गेल्या आठवड्यात आम्ही ६९,१२० रुपयांचा धनादेश देणगीदार संस्थेला परत पाठवला.