नव्या सुविधेची घोषणा: आधी फायदा सांगावा की आधी तंत्र?

चार-पाच जणांच्या टीममध्ये घोषणा लिहायला वेगळा माणूस नसतो. ज्याने सुविधा बांधली तोच लिहितो, आणि ज्या क्रमाने बांधली त्याच क्रमाने लिहितो. आमचं ॲप किराणा आणि मेडिकल दुकानांच्या बिलिंगचं आहे. नेट नसताना बिल काढण्याची सोय आणली तेव्हा तिच्या घोषणेचे दोन मसुदे आमच्यासमोर होते. हाच निर्णय तुमच्यापुढे असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडावा.

पहिला मसुदा असा होता:

«आवृत्ती ४.२ मध्ये आम्ही ऑफलाइन-फर्स्ट आर्किटेक्चर आणले आहे. सर्व नोंदी आता फोनमधील एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठवल्या जातात व बॅकग्राउंड सिंकद्वारे सर्व्हरवर जातात. त्यामुळे नेटवर्क नसतानाही बिलिंग करता येईल.»

दुसरा असा:

«नेट गेलं तरी बिल थांबणार नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना रेंज गेली, तरी नेहमीसारखं बिल करा आणि छापा. नेट आलं की ते आपोआप हिशेबात जमा होईल. दुकानात दोन फोन असतील तर दोन्हींच्या बिलांना वेगळी मालिका असेल (A-101, B-101). यूपीआयचे पैसे आले का, हे बघायला मात्र नेट लागेलच.»

पहिल्या मसुद्यात खोटं किंवा चुकीचं काहीच नाही, आणि त्याची बाजूही भक्कम आहे. सुविधा बांधणाऱ्याला तो पटकन लिहिता येतो, आतल्या टीमला तोच जास्त उपयोगी, आणि महिनाभराने एखादा दोष शोधताना नेमकं काय बदललं होतं ते त्यातून कळतं. तुमचे वाचक तुमचा एपीआय वापरणारे डेव्हलपर असतील, तर मीही हाच क्रम ठेवेन. त्यांना आधी कळायला हवं की कोणतं फील्ड बदललं आणि त्यांचा कोड कुठे मोडेल. त्यांच्यासाठी तांत्रिक तपशील हाच फायदा असतो.

पण दुकानदारांच्या बाबतीत माझा कौल एका गोष्टीने ठरला: फोन. ग्राहकांचे फोन मीच घेतो. पहिल्या मसुद्याची घोषणा गेली आणि त्यानंतर येणाऱ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात ऐकू येत राहिला. «साहेब, तुमचा मेसेज आला, पण नेट नसताना बिल निघतं का, तेवढं सांगा.» उत्तर मेसेजमध्ये होतं, तिसऱ्या वाक्यात. तिथपर्यंत कोणी पोचतच नव्हतं, आणि त्यात वाचणाऱ्याचा काही दोष नव्हता. मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये जेमतेम एक ओळ दिसते. आमच्या त्या ओळीत «आवृत्ती ४.२ मध्ये आम्ही ऑफलाइन-फर्स्ट…» एवढंच मावत होतं. प्ले स्टोअरवर «नवीन काय» या रकान्याला एका भाषेत ५०० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यातल्याही सुरुवातीच्या ओळीच नजरेस पडतात. म्हणजे पहिली ओळ आर्किटेक्चरला दिली की दुकानदारासाठी घोषणा जणू झालीच नाही.

दुसरा मसुदा गेल्यावर फोन बंद झाले नाहीत, प्रश्न बदलले. «दुसऱ्या फोनवर बिल लगेच का दिसत नाही?», «B-101 म्हणजे काय?» असे प्रश्न येऊ लागले. सुविधा वापरून पाहिलेला माणूस असं विचारतो. मी काही मोजदाद ठेवलेली नाही, पण माझ्यासाठी एवढी खूण पुरेशी होती.

दुसऱ्या पद्धतीलाही धोके आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे पोकळ फायदा. «आता बिलिंग आणखी वेगवान आणि सोपं!» हे वाक्य ग्राहकाकडे बघून लिहिल्यासारखं वाटतं, पण ते कुठल्याही ॲपच्या कुठल्याही आवृत्तीला चिकटवता येतं. फायदा खरा आहे का, हे तपासायला मी दुकानदाराच्या दिवसातला एक क्षण शोधतो. काल त्या क्षणी तो काय करत होता आणि आज काय करेल? काल रेंज गेली की तो कागदावर आकडे मांडायचा आणि रात्री तेच ॲपमध्ये पुन्हा भरायचा. आज बिल तिथल्या तिथे निघेल. असा क्षण सापडला नाही, तर बहुधा ती सुविधा जाहीर करण्याजोगी नसते. बदलांच्या यादीत एक ओळ टाकली की झालं.

दुसरा धोका असा की फायद्याच्या भरात मर्यादा गळते. इथे तंत्र समजणारा माणूस शेजारी बसलेला हवाच. आमचं सिंक अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरवर ठरावीक अंतराने चालतं, आणि ते अंतर १५ मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर आणखी उशीर होतो. वर्कमॅनेजर हे नाव दुकानदाराला नको, पण त्याचा परिणाम कळायलाच हवा: «एका फोनवरचं बिल दुसऱ्या फोनवर दिसायला १५ मिनिटं किंवा थोडा जास्त वेळ लागू शकतो.» दुसऱ्या फोनवर बिल लगेच का दिसत नाही, या फोनवरच्या प्रश्नामुळे हे वाक्य आम्ही नंतर जोडलं.

बिलाच्या मालिकेचंही तसंच. नेट नसताना दोन फोन एकाच मालिकेतून क्रमांक देऊ लागले तर एकच क्रमांक दोन बिलांवर पडेल. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. मालिका मात्र एकापेक्षा जास्त चालतात. म्हणून प्रत्येक फोनला वेगळी मालिका दिली. पहिल्या मसुद्यात याचा उल्लेखच नव्हता, कारण बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती आतली व्यवस्था होती. दुकानदाराच्या दृष्टीने त्याच्या बिलावरचा क्रमांक बदलत होता, आणि त्याचा हिशेबनीस महिनाअखेरीला त्याबद्दल विचारणारच होता. फायद्यापासून लिहायला बसलं की अशा जागा आपोआप समोर येतात, कारण आपण बिल हातात धरलेल्या माणसाकडून विचार करत असतो. तोलून पाहता मला या पद्धतीचा हाच सगळ्यात मोठा गुण वाटतो.

मग पहिला मसुदा फेकून द्यायचा का? आम्ही दिला नाही. तो ॲपच्या बदलनोंदीत जवळजवळ तसाच आहे आणि घोषणेच्या तळाशी त्याची लिंक आहे. लिहिण्याचा क्रमही तोच ठेवला आहे. सुविधा बांधणारा आधी तांत्रिक नोंद लिहितो, मग मी त्याच्याशी पाच-दहा मिनिटं बोलून घोषणा लिहितो: आधी प्रसंग, मग आता काय करता येईल, मग ग्राहकाला काही करावं लागेल का, मग काय होणार नाही. शेवटी फक्त पहिलं वाक्य टीमबाहेरच्या कोणाला तरी वाचून दाखवतो आणि «यावरून तू काय करशील?» असं विचारतो. «ॲप अपडेट करीन» असं उत्तर आलं तर ठीक. «म्हणजे काय?» असं आलं तर ते वाक्य बदलायचं.

यात दर घोषणेमागे अर्धा-पाऊण तास जास्त जातो. टीम दोघांचीच असेल आणि दर आठवड्याला काहीतरी बाहेर पडत असेल, तर प्रत्येक बदलासाठी एवढं करणं कदाचित झेपणार नाही. तेव्हा ज्या बदलाने ग्राहकाच्या हातातली एखादी कृती बदलते, तेवढ्याचीच घोषणा अशी लिहा आणि बाकीचं बदलनोंदीत राहू द्या.