सव्वा वर्ष ब्रँड ट्रॅकर वापरला, पाच वेव्ह झाल्या : लाल बाण बघून घाबरू नका, आधी बेस बघा

आमची कांदा-लसूण मसाल्याची छोटी कंपनी. जाहिरातीचं काम माझ्याकडे, आणि खरं सांगायचं तर वसुलीचंही. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून एका रिसर्च एजन्सीचा ट्रॅकर घेतलाय, दर तीन महिन्यांनी एक वेव्ह, तेच प्रश्न पुणे, कोल्हापूर, सोलापूर मिळून ३०० बायकांना, प्रत्येक शहरात १००. एजन्सीचं नाव लिहीत नाही कारण भांडण मिटलंय. वर्षाचा खर्च म्हणाल तर त्यात आमचा डिलिव्हरीचा जुना टेम्पो बदलून झाला असता, हे आमचे मालक, म्हणजे दादा, मला आठवड्याला एकदा तरी ऐकवतात.

अवेअरनेस, कन्सिडरेशन, प्रेफरन्स म्हणजे काय हे इथे सगळ्यांना माहिती आहे, त्यात जात नाही. थेट मे महिन्याच्या वेव्हवर येते, कारण सगळा राडा तिथेच झाला.

मार्च-एप्रिलमध्ये आम्ही एसटीच्या मागच्या बाजूला जाहिराती केल्या आणि थोडा रेडिओ. मेचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्याच स्लाइडवर भला मोठा लाल बाण, कन्सिडरेशन ४० वरून ३४. दादांनी पीपीटी तिथेच बंद केली आणि म्हणाले, "म्हणजे आपण पैसे देऊन लोकांना सांगितलं की आमचा मसाला घेऊ नका?" मला उत्तर सुचलं नाही. रेडिओचं पुढचं बुकिंग त्याच दिवशी थांबवलं.

रात्री घरी परत फाइल उघडली तेव्हा स्लाइडच्या अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ दिसली, "बेस : ब्रँड ओळखणाऱ्या". म्हणजे कन्सिडरेशनचा प्रश्न सगळ्या ३०० जणींना नाही, नाव दाखवल्यावर ज्यांनी "हो, ऐकलंय" म्हटलं फक्त त्यांनाच विचारलेला. फेब्रुवारीत ओळखणाऱ्या होत्या १५०, त्यातल्या ६० म्हणाल्या पुढच्या वेळी घेताना हा मसाला बघू, म्हणून ४० टक्के. मेमध्ये ओळखणाऱ्या झाल्या २१०, त्यातल्या ७२ जणी बघू म्हणाल्या, म्हणून ३४ टक्के. माणसं ६० ची ७२ झाली आणि बाण लाल! जाहिरातीमुळे ज्या ६० जणींनी नाव नव्यानंच ऐकलं त्या लगेच कशाला घ्यायचं म्हणतील, त्यांनी फक्त भागाकारातला खालचा आकडा फुगवला.

सकाळी एजन्सीच्या मुलाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले, दुसरा हप्ताही अडवून ठेवला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बेस लिहिलेला असतो." लिहिलेला असतो रे बाबा, पण बाण बोटाएवढा आणि बेस भिंग लावून वाचायचा, हे कुठलं लिहिणं. जून ते ऑगस्ट माझं हे एकच तुणतुणं चालू होतं, ऑफिसमध्ये सगळे मला बेस मॅडम म्हणायला लागले.

आता कबुली. मी दादांना विजयी मुद्रेनं ३०० च्या बेसवरचे आकडे दाखवले, २० वरून २४ टक्के, वाढच झालीय बघा. तो एजन्सीचा मुलगा मीटिंगला होता, त्यानं कागद पुढे ओढला आणि हिशोब मांडला. टक्का गुणिले शंभरातून तो टक्का वजा, भागिले बेस, असं दोन्ही वेव्हचं काढायचं, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायची. फरक त्याहून मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचं, नाहीतर तो कुठल्या घराची बेल वाजली यावर ठरलेला योगायोगही असू शकतो. लाल बाणासाठी ४० गुणिले ६० भागिले १५० म्हणजे १६, ३४ गुणिले ६६ भागिले २१० म्हणजे पावणेअकरा, बेरजेचं वर्गमूळ सव्वापाचच्या आत, दुप्पट साधारण १०. आमची घसरण ६ ची. म्हणजे लाल बाण खोटा. पण माझ्या ४ च्या वाढीला तोच हिशोब लावला तर उंबरठा जवळपास ७ चा आला, म्हणजे माझा विजयही खोटा. त्या रिपोर्टमध्ये खरं एकच होतं, अवेअरनेस ५० वरून ७०, तिथे ८ पुरे होते आणि आपल्याकडे २० होते. कन्सिडरेशन शहरवार कापलं तर शंभराच्या बेसवर १२ च्या आतल्या फरकाबद्दल तोंड उघडायचं नाही, आणि आम्ही मात्र सोलापूरच्या ५ पॉइंटवर तिथल्या डिस्ट्रिब्युटरला झापून बसलो होतो. त्याला नंतर फोन करून चहाचं आमंत्रण दिलं, अजून आलेला नाही.

दुसरं भांडण प्रेफरन्सवरून, आणि त्यात मी हरले. यादीत सात ब्रँड होते पण "घरचा" हा पर्यायच नव्हता. अहो, कोल्हापुरात एप्रिलमध्ये डंकावर रांग लागते, मिरच्या वाळत घातलेल्या असतात, आमचा खरा स्पर्धक ती डंकाची रांग आहे, ते सात ब्रँड नंतर. मी म्हटलं टाका तो पर्याय यादीत. तो म्हणाला, यादी बदलली की सगळ्याच ब्रँडचे आकडे एका झटक्यात पडतील, आणि आधीच्या वेव्हशी तुलना संपली, तेव्हा जुना प्रश्न शब्दालाही हात न लावता ठेवा आणि घरच्या मसाल्याचं शेवटी वेगळं विचारा. खूप कुरकुर करून मानलं. नोव्हेंबरपासून शेवटी विचारतो, "गेल्या वर्षभरात मसाला घरी केला किंवा कुटून आणला का?" कोल्हापुरात अर्ध्याहून जास्त हो म्हणतात, आणि त्यातही आमचा मसाला "आवडता" म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत! म्हणजे आवडता खरा, पण घरचा संपल्यावर. प्रेफरन्सच्या आकड्याकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेनं बघते.

ऑगस्टला अवेअरनेस ६२ वर आला तेव्हा दादा परत हलले होते, पण मे हा मसाल्याचा सीझन, घरोघरी तोच विषय, तेव्हा नावं जिभेवर असतात. मेची तुलना ऑगस्टशी करण्यात अर्थ नाही. म्हणून मी या फेब्रुवारीची वाट बघितली आणि फेब्रुवारी ते फेब्रुवारी मांडलं. अवेअरनेस ५० चा ६६, आणि ३०० च्या बेसवर कन्सिडरेशन २०, २४, २३, २७, २९. मधली एकही उडी एकेकटी उंबरठा ओलांडत नाही, पण २० ते २९ हा ९ चा फरक आहे आणि लागतात ७. पाच वेव्हनंतर पहिल्यांदा मला रात्री नीट झोप लागली.

रेटिंग ५ पैकी साडेतीन. फिल्डवर्क प्रामाणिक आहे, मी स्वतः एक दिवस कोल्हापुरात बरोबर फिरले, मुलगी आधी "मसाला म्हटलं की कुठली नावं आठवतात" हे विचारून घेते आणि मगच नावांचं कार्ड काढते, कार्डावरचा क्रमही दर घरी बदलते. दीड मार्क कापलाय तो रिपोर्टसाठी.

रिन्यू केलंय, पण वर्षाला चारऐवजी दोनच वेव्ह, फेब्रुवारी आणि ऑगस्ट, प्रत्येकी ६०० जणी, पैसे तेवढेच. बाण काढून टाका म्हटलं तर टेम्पलेटमध्ये बसत नाही म्हणे. बेसची ओळ मात्र टायटलखाली आणायला लावली, आणि दादांना पीपीटी पाठवण्याआधी मी ती स्वतः बोल्ड करते.