बिनव्याजी हप्ता महाग, व्याजाचा स्वस्त: फ्रिजचे नऊ हप्ते फेडल्यावरचा हिशेब

फ्रिज चांगला आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर होतं म्हणून स्टॅबिलायझर लावला, बाकी तक्रार नाही. लिहायचं आहे हप्त्यांबद्दल. हेच मॉडेल त्याच दुकानातून माझ्या साळ्यानं नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलं आणि मी व्याजाच्या हप्त्यावर. आता दोघांचंही फिटलं.

किंमत लावली होती २७,०००. साळ्याला दुकानदार म्हणाला, "भाऊ, व्याज एक रुपया नाही." दोन हप्ते आगाऊ, मग सात, प्रत्येकी ३,०००. वरून फाइल चार्ज ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. एकूण गेले २७,५९०.

मी आधी विचारलं, "नगदीत किती?" म्हणे २५,२००. खरी गोम इथंच आहे. नो-कॉस्टमध्ये फायनान्सवाले आपलं व्याज दुकानदाराकडून नाहीतर फ्रिजच्या कंपनीकडून कापून घेतात, मग गिऱ्हाइकाला नगदीची सूट कुठून मिळणार? हुकलेली ती १,८०० ची सूट हेच साळ्याचं व्याज. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

व्याजाच्या योजनेत दुकानदाराच्या हाती पूर्ण पैसे पडतात, म्हणून घासाघीस करून तो नगदीच्या भावावर आला. मी ५,२०० भरले, कर्ज २०,०००, दर १५ टक्के, तोही घटत्या शिल्लकेवर. हप्ता २,३६४, नऊ महिन्यांचे २१,२७६. फाइल चार्ज जीएसटी धरून २३६. एकूण २६,७१२, म्हणजे साळ्यापेक्षा ८७८ कमी.

पण हा फरक दर कसा लावला त्यावर टिकून आहे. पहिल्यांदा काउंटरवरच्या पोरानं मला हप्ता २,४७२ सांगितला होता. दर तोच १५, पण फ्लॅट. म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण २०,००० वर. तसं घेतलं असतं तर एकूण २७,६८४ गेले असते आणि साळ्याचंच स्वस्त पडलं असतं. टक्का एकच, नऊ महिन्यांत फरक जवळजवळ हजाराचा! तोंडी टक्क्यावर जाऊच नका, हप्ता गुणिले महिने करून पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक आणि फायनान्स कंपनीला सही घेण्याआधी केएफएस नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात सगळे चार्ज धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. मी तो मागितल्यावरच फ्लॅटचा घटत्यावर आला.

दुकानदार नगदीतही २७,००० च म्हणत असेल, तर मात्र डोळे झाकून नो-कॉस्ट घ्या. फक्त बिलात वाढीव वॉरंटी किंवा विमा घुसवलेला नाही ना, तेवढं पाहा. आणि हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे ठेवा. कापसाचा चुकारा लांबला तेव्हा साळ्याचा एक हप्ता बाउन्स झाला, त्याचा दंड फायनान्सनं वेगळा घेतला आणि बँकेनं वेगळा. तो वरच्या २७,५९० मध्ये धरलेला नाही.